४८ सिस्टर आणि दोन पद्धती

गेल्या पावसाळ्यात एमएस्सी नर्सिंगची एक विद्यार्थिनी तिच्या संशोधनाचा प्रस्ताव घेऊन माझ्याकडे आली. आदल्या दिवसाची नाइट करून, सकाळी आठच्या हँडओव्हरनंतर थेट परळला उतरली होती. विषय होता वॉर्डातल्या परिचारिकांचं बर्नआउट, म्हणजे कामानं आतून पार थकून जाणं. पद्धतीच्या रकान्यात लिहिलं होतं: ‘संख्यात्मक व गुणात्मक, दोन्ही पद्धतींचा वापर केला जाईल.’ असं का, विचारल्यावर ती म्हणाली, “मॅडम, दोन्ही असलं की परीक्षक काही बोलत नाहीत.” परीक्षक बोलतातच, पण ते जाऊ दे.

तिच्या हाताशी एकच रुग्णालय होतं, सहा महिने होते आणि चार वॉर्डांतल्या ४८ परिचारिका होत्या. त्यातल्या २४ आयसीयूच्या, २४ साध्या वॉर्डांच्या. प्रश्न तीन होते: बर्नआउट किती आहे, आयसीयूत जास्त आहे का, आणि ते का होतं. तिन्ही प्रश्न एका प्रस्तावात बसले होते, पण तिन्हींची उत्तरं एकाच वाटेनं मिळत नाहीत.

पहिला प्रश्न मोजण्याचा. त्यासाठी चाचणी हवी. ख्रिस्तिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ साली आणलेली २२ प्रश्नांची मोजपट्टी सगळ्यात प्रसिद्ध, पण ती वापरायला परवाना विकत घ्यावा लागतो. मी तिला ‘कोपनहेगन बर्नआउट इन्व्हेंटरी’ ही मोजपट्टी सुचवली. ती २००५ साली प्रसिद्ध झाली, १९ प्रश्नांची आहे आणि मोफत आहे. तिचे तीन भाग आहेत: माणूस एकूण किती दमलेला आहे, कामामुळे किती दमलाय, आणि रुग्णांशी सतत वागून किती दमलाय. ‘नेहमी’ला १०० आणि ‘कधीच नाही’ला ०, मधल्या उत्तरांना ७५, ५०, २५, मग त्या भागाची सरासरी. मुंबईत ही विभागणी फार कामाची. डोंबिवलीहून उभ्यानं येणारी बाई एकूण दमलेली असणारच. तिचा पहिला आकडा मोठा आणि दुसरा बेताचा निघाला, तर दोष निदान सगळा वॉर्डाचा नाही.

या चाचणीत एक खड्डा आहे. कामाच्या भागातला एक प्रश्न उलटा आहे: सुटीच्या वेळात घरच्यांसाठी, मित्रमैत्रिणींसाठी पुरेशी शक्ती उरते का? इथं ‘नेहमी’ म्हणजे तब्येत चांगली, म्हणून गुण उलटे द्यायचे. घाईत हे विसरतं. विसरलंय हे ओळखायचं कसं? बाकीच्या प्रश्नांना ज्यांचे गुण जास्त, त्यांचेच इथे कमी येताना दिसतात. तसं दिसलं की आधी हा रकाना तपासावा.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र मी अडले. दोन गटांतल्या गुणांचा विखुरलेपणा समजा १८ आहे आणि खरा फरक त्याच्या अर्ध्याचा, म्हणजे ९ गुणांचा. तो पाचांपैकी चार वेळा तरी पकडता यावा असं वाटत असेल, तर प्रत्येक गटात साधारण ६४ माणसं लागतात. तिच्याकडे होती २४. एवढ्या माणसांत सरासरीच्या फरकाभोवती दोन्ही बाजूंना दहा-अकरा गुणांची अनिश्चितता राहते. म्हणजे खरा फरक ९ असला तरी निकाल ‘फरक सिद्ध होत नाही’ असा येण्याची शक्यता जास्त. आणि मग प्रबंधात काय छापलं जाणार? ‘आयसीयूत बर्नआउट जास्त नाही.’ हे वाक्य चुकीचं आहे. फरक दिसला नाही म्हणजे फरक नाही असं होत नाही. शिवाय त्या दिवशी जी रजेवर आहे किंवा नोकरी सोडून गेली, ती या ४८ मध्ये नाहीच. आणि सगळ्यात जास्त होरपळलेली कदाचित तीच असेल.

म्हणून तुलना काढून टाकली. तिचा चेहरा उतरला, पण माझा नाइलाज होता.

उरला ‘का’. त्याला आकडा उत्तर देत नाही. बसून ऐकावं लागतं. कुणाशी बोलायचं ही निवड वॉर्ड इन्चार्जवर सोडली, तर ‘छान बोलणाऱ्या’ चौघी मिळतात आणि चौघी छानच बोलतात. मुलाखत वॉर्डात घ्यायची नाही, इन्चार्जच्या केबिनमध्ये तर मुळीच नाही. आणि बर्नआउट हा शब्द आधी आपण उच्चारायचा नाही. कुणी म्हणतं डोकं बधिर होतं, कुणी म्हणतं कंटाळा आला, आणि या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात.

तिनं सरावासाठी घेतलेल्या मुलाखतीतलं एक वाक्य मला आठवतं: “नाइटला माझी ना नाही. पण रविवारची नाइट आहे हे शनिवारी संध्याकाळी कळतं.” तिनं त्यापुढे लिहिलं होतं, ‘वेळेचे नियोजन कमी’. मी ते खोडायला लावलं. वेळेचं नियोजन त्या सिस्टरचं कमी नाही, ड्युटीचा रोस्टर उशिरा लागतो. वाक्याचा अर्थ टिपणारा असा सांकेतिक शब्द बोलणाऱ्याच्या बाजूनं द्यायचा असतो. नाहीतर आपण ऐकतो एक आणि अहवालात दोष दुसऱ्याच्या माथी मारतो.

आता मिश्र पद्धत. दोन्ही शेजारी ठेवले की मिश्र होत नाही. एकानं दुसऱ्याला काहीतरी दिलं पाहिजे. आम्ही असं ठरवलं: आधी सगळ्यांना प्रश्नावली, मग त्या गुणांवरून बारा जणींची निवड. सहा जणी वरच्या गुणांच्या, सहा खालच्या, शक्य तिथे एकाच वॉर्डातल्या. रुग्ण तेच, इन्चार्ज तीच, तरी एक दमते आणि एक दमत नाही, हे का, हा प्रश्न आता विचारता येतो. प्रश्नावली इथं चाळणीचं काम करते.

आणि इथंच लहान प्रस्तावाची खरी अडचण सापडते. प्रश्नावली निनावी असेल, तर मुलाखतीला बोलवायचं कुणाला? नाव घेतलं, तर खरं कोण लिहील? बारा जणींच्या वॉर्डात ‘वय २८, बीएससी, अविवाहित’ एवढं लिहिलं तरी ती कोण हे सगळ्यांना कळतं. म्हणून वय दहा-दहा वर्षांच्या गटांत विचारलं, शिक्षण आणि लग्नाचा रकाना काढला. प्रत्येकीला पाकिटात एक क्रमांक. क्रमांक आणि नावाची यादी रुग्णालयाबाहेरच्या एका व्यक्तीकडे कुलपात. विद्यार्थिनी त्याच रुग्णालयाची, तेव्हा मुलाखतीही बाहेरच्याच एका अनुभवी परिचारिकेनं घ्यायच्या. विद्यार्थिनीला नावं काढून उतरवलेला मजकूरच मिळेल.

वेळही मोजला. बारा मुलाखती, चाळीस मिनिटांची एक, म्हणजे आठ तास ध्वनिमुद्रण. तासाभराचं बोलणं मराठीत उतरवायला चार-पाच तास, म्हणजे फक्त उतरवण्यातच बत्तीस ते चाळीस. ड्युटी सांभाळून हे उतरवणारी ती बाहेरची परिचारिका मग स्वतःच प्रश्नावलीच्या वरच्या गटात जायची! म्हणून बाराचे दहा केले, वरच्या पाच आणि खालच्या पाच.

नीतिसमितीसमोर तिला पद्धतीबद्दल एकच प्रश्न आला: बोलताना एखादी रडायला लागली, ‘आता जगावंसंच वाटत नाही’ म्हणाली, तर? त्याची तयारी प्रस्तावात नव्हती. ती दुसऱ्या दिवशी परत आली आणि आम्ही पान वाढवलं: मुलाखत थांबवायची, मोबाइलवरचं ध्वनिमुद्रण बंद करायचं, ती एकटी राहणार नाही हे पाहायचं आणि समुपदेशकाशी त्याच दिवशी गाठ घालून द्यायची. समुपदेशकाचं नाव आणि वेळ आधीच विचारून ठेवलेली.