सीड तोच, मग क्लिप वेगळी का? एआय व्हिडिओची नोंदवही

तोच प्रॉम्प्ट आणि तोच सीड दिला की व्हिडिओ मॉडेल तीच क्लिप पुन्हा काढून देते, असे सर्रास सांगितले जाते. त्यात अर्धेच तथ्य आहे. क्लिपचा आकार किंवा लांबी जरा बदलली, तर सीड जसाच्या तसा असूनही वेगळेच दृश्य समोर येते. याचे कारण एकदा समजले की क्लिप पुन्हा काढता यावी म्हणून ठेवायच्या नोंदवहीत काय लिहायचे हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

उदाहरणासाठी अलिबाबाने फेब्रुवारी 2025 मध्ये खुले केलेले वॅन 2.1 हे मॉडेल घेऊ. त्याची 1.3 अब्ज पॅरामीटरची छोटी आवृत्ती साधारण 8 जीबी मेमरीच्या ग्राफिक्स कार्डावर चालते, आणि ती चालवण्यासाठी बरेच जण कम्फीयूआय वापरतात. या मॉडेलची नेहमीची मांडणी म्हणजे 832 बाय 480 पिक्सेल, 81 फ्रेम आणि सेकंदाला 16 फ्रेम.

हे मॉडेल सुरुवात करते निव्वळ खरखरीपासून, म्हणजे यादृच्छिक आकड्यांच्या ढिगापासून, आणि टप्प्याटप्प्याने त्यातून चित्र वर काढते. हे काम प्रत्यक्ष पिक्सेलवर होत नाही, आक्रसलेल्या रूपावर होते. लांबी-रुंदी प्रत्येकी 8 पटींनी कमी होते आणि वेळ 4 पटींनी. त्यामुळे 832 बाय 480 चे 104 बाय 60 होतात आणि, पहिली फ्रेम वेगळी धरली जात असल्याने, 81 फ्रेमच्या 21. असे 16 थर असतात. सगळा गुणाकार केला तर 20,96,640 आकडे होतात. सीड म्हणजे हे आकडे कोणत्या क्रमाने बाहेर पडतील ते ठरवणारी संख्या. सीड तोच असेल तर क्रमही तोच राहतो. पण ते आकडे कुठे जाऊन बसतील, हे सीड ठरवत नाही.

आता तीच क्लिप मोबाइलसाठी उभी हवी म्हणून 480 बाय 832 केली, तर आकड्यांची एकूण संख्या तेवढीच राहते आणि क्रमही बदलत नाही. फक्त एका ओळीत 104 ऐवजी 60 आकडे बसतात. मण्यांच्या तोरणातले मणी त्याच क्रमाने, पण कमी रुंदीच्या ओळींत ओवले तर नक्षी विस्कटते. इथे तेच होते. मूळ क्लिपमध्ये बस डावीकडून येत असेल, तर उभ्या क्लिपमध्ये ती समोरून येईल किंवा रस्ताच दुसरा असेल.

लांबीचा घोळ जास्त फसवा आहे. 81 ऐवजी 49 फ्रेम मागितल्या तर आधीच्याच क्लिपचा सुरुवातीचा भाग मिळेल, असे वाटणे साहजिक आहे. तसे होत नाही. आकडे थराथराने भरले जातात. 81 फ्रेममध्ये पहिला थर 1,31,040 आकड्यांवर संपतो, 49 फ्रेममध्ये 81,120 वर. म्हणजे दुसऱ्या थरापासून पुढचे सगळे सरकते आणि 16 पैकी एकाच थराची सुरुवात जुळते. छोटी क्लिप हवी असेल तर मोठी काढून कापावी. लांबी कमी करून पुन्हा काढू नये.

म्हणून नोंदीत ‘16:9, 5 सेकंद’ एवढे लिहून भागत नाही. 832 बाय 480 आणि 848 बाय 480 या दोन्हींना लोक 16:9 म्हणतात (काटेकोर पाहिले तर दोन्ही तसे नाहीत), पण त्यांच्या ओळी 104 आणि 106 आकड्यांच्या असतात. सेकंदांचेही तसेच. या मॉडेलला फ्रेमची संख्या 4 च्या पटीत अधिक 1 अशी लागते. 77 फ्रेम म्हणजे 4.8 सेकंद आणि 81 म्हणजे 5.06, दोन्ही ‘5 सेकंद’ म्हणूनच नोंदले जातील. शिवाय त्याच 81 फ्रेम सेकंदाला 24 च्या वेगाने साठवल्या तर क्लिप 3.4 सेकंदांतच संपते. तेव्हा पिक्सेल आणि फ्रेम लिहा, साठवण्याचा वेग वेगळा लिहा.

पावसातल्या घाटरस्त्याच्या एका क्लिपची पूर्ण नोंद अशी दिसेल:

```
file:      ghat_bus_s418273.webm
model:     wan2.1_t2v_1.3B_fp16.safetensors
prompt:    a red bus on a wet ghat road, light rain, slow pan left
negative:  blurry, text, watermark
seed:      418273
size:      832x480
frames:    81
fps:       16
steps:     30
cfg:       6
sampler:   uni_pc / simple
shift:     8
```

प्रॉम्प्ट कॉपी-पेस्ट करूनच घ्यावा, आठवून लिहू नये. स्वल्पविराम गळला तरी निकाल थोडा हलतो. मॉडेलच्या फाइलचे नावही पूर्ण हवे, कारण `fp16` आणि `fp8` या एकाच मॉडेलच्या दोन प्रती असल्या तरी त्यांची क्लिप हुबेहूब एक येत नाही. कम्फीयूआयची आवृत्ती आणि कार्डाचे नाव प्रत्येक नोंदीत नको. वहीच्या वर एकदा लिहावे आणि बदलले की तारखेसह पुन्हा लिहावे.

सर्वाधिक नोंदी चुकतात त्या सीडपाशी. कम्फीयूआयमध्ये सीडखाली `control after generate` असा पर्याय असतो आणि तो बहुधा `randomize` वर असतो. क्लिप रांगेत लावताच चौकटीतला सीड बदलतो. क्लिप आवडली म्हणून चौकटीतला आकडा टिपला, तर तो पुढच्या क्लिपचा असतो. उपाय दोन आहेत: एकतर शोध चालू असतानाही पर्याय `fixed` वर ठेवून सीड हाताने बदलावा, नाहीतर तयार झालेली फाइल कम्फीयूआयच्या पडद्यावर ओढून टाकावी. सोबत साठवलेली मांडणी उघडते आणि त्यात खरा वापरलेला सीड असतो. मात्र ही माहिती मूळ फाइलमध्येच टिकते. व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेल्या किंवा एडिटरमधून काढलेल्या प्रतीत ती मिळेल असे धरू नये.

नोंद बरोबर आहे का, हे त्याच दिवशी तपासावे. कम्फीयूआय बंद करून पुन्हा सुरू करा. हे टाळू नका, कारण काहीच बदललेले नसेल तर ते आधीचाच निकाल साठ्यातून वापरते आणि तपासणी झाल्याचा नुसता भास होतो. मग फक्त वहीत पाहून सगळे आकडे भरा, क्लिप काढा आणि दोन्ही फाइलींवर हा आदेश चालवा:

```
ffmpeg -i a.webm -map 0:v -f framemd5 a.txt
```

यातून प्रत्येक फ्रेमचा एक ठसा मिळतो. सगळे ठसे जुळले तर नोंद पक्की. ठसे जुळले नाहीत, तर दोन्ही क्लिप शेजारी ठेवून पाहा. बस तीच, वळण तेच, पण पावसाच्या रेषा किंचित वेगळ्या असतील, तर आधी प्रॉम्प्ट आणि मॉडेलच्या फाइलचे नाव पुन्हा पडताळा; ते बरोबर असेल तर दोष बहुधा वहीचा नसून यंत्राचा आहे. ग्राफिक्स कार्ड दशांश आकड्यांच्या बेरजा कोणत्या क्रमाने करते त्यावर शेवटचे अंक बदलतात, आणि 30 टप्प्यांत तो फरक वाढत जातो. कार्ड बदलले किंवा कम्फीयूआय ज्यावर चालते त्या पायटॉर्चची आवृत्ती बदलली की हे होऊ शकते. दृश्यच निराळे असेल, तर बहुधा सीड, आकार किंवा फ्रेम यांपैकी काहीतरी चुकीचे उतरले आहे.

ऑनलाइन सेवांमध्ये वहीचा उपयोग कमी होतो. काही सेवा सीड दाखवतच नाहीत, काही तुमचा प्रॉम्प्ट आतल्या आत फुलवून मॉडेलला देतात, आणि मॉडेल बदलले तर जुने परत आणण्याची सोय तुमच्या हाती नसते. तिथे नोंदीसोबत मूळ उतरवलेली फाइल जपून ठेवावी आणि सेवेने मॉडेलचे जे नाव दाखवले असेल ते तारखेसह लिहावे. तिथली नोंद जवळपासची क्लिप काढायला कामी येते, तीच क्लिप परत मिळेल यावर विसंबू नये.