सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी खाते : प्रभावी वार्षिक परतावा

सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी (पीपीएफ) खात्यात वर्षभर अनियमित तारखांना भरलेल्या रकमांवर प्रत्यक्षात किती टक्के वार्षिक परतावा मिळाला, हे पासबुकातील नोंदींवरून काढण्याची रीत. ही योजना 1968 च्या अधिनियमाखाली सुरू झाली आणि आज ती 2019 मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेनुसार चालते. जाहीर व्याजदर 1 एप्रिल 2020 पासून 7.1 टक्के असला, तरी एखाद्या खातेदाराचा परतावा त्याहून कमी, आणि क्वचित किंचित अधिकही, निघतो.

याचे कारण व्याजाच्या नियमात आहे. प्रत्येक महिन्याच्या पाच तारखेच्या कामकाजाअखेरपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी किमान शिल्लक असेल, तिच्यावर त्या महिन्याचे व्याज धरले जाते. ते 31 मार्चला एकत्रितपणे खात्यात जमा होते. म्हणजे वर्षाच्या आत आकारणी सरळव्याजाची असते आणि चक्रवाढ वर्षातून एकदाच होते. सहा तारखेला भरलेली रक्कम त्या महिन्यापुरती व्याजाला मुकते, पाच तारखेला भरलेलीला मात्र पूर्ण महिना मिळतो.

नव्याने उघडलेल्या खात्यात 2022-23 मध्ये 4 एप्रिलला 50,000, 10 ऑगस्टला 40,000 आणि 5 जानेवारीला 60,000 रुपये भरले, असे समजू. पहिल्या रकमेला 12, दुसरीला (सप्टेंबरपासून) 7 आणि तिसरीला 3 महिने मिळतात. रक्कम आणि महिने यांच्या गुणाकारांची बेरीज 10,60,000 येते, तिला 7.1 टक्क्यांनी गुणून 12 ने भागले की व्याज सुमारे 6,272 रुपये आणि अखेरची शिल्लक 1,56,272 रुपये होते. पासबुकातील व्याजाची नोंद या आकड्याशी जुळते की नाही, हे आधी पाहावे. जुळत नसेल तर पुढील गणितात शिरण्यात अर्थ नाही. 2016-17 पासून दर तिमाहीला ठरत असल्याने, वर्षाच्या मध्ये दर बदलला असेल (उदा., ऑक्टोबर 2018 मध्ये तो 7.6 वरून 8 टक्के झाला) तर प्रत्येक महिन्याला त्याचा स्वतःचा दर लावावा लागतो.

यानंतर एक्सेलसारख्या संगणकीय तक्त्याच्या A स्तंभात तारखा आणि B स्तंभात रकमा लिहितात. भरणा ऋण चिन्हाने आणि 31 मार्च 2023 ची शिल्लक धन चिन्हाने दाखवून, अनियमित तारखांच्या रकमांवरून वार्षिक परतावा काढणारे पुढील सूत्र देतात :

```
=XIRR(B1:B4, A1:A4)
```

उत्तर सुमारे 7.11 टक्के येते. ऑगस्टच्या भरण्याने काही दिवसांचे व्याज गमावले, तरी एप्रिल आणि जानेवारीच्या भरण्यांना प्रत्यक्ष दिवसांपेक्षा थोडे अधिक व्याज मिळाले. शिवाय हे सूत्र वर्षाच्या आतही चक्रवाढ गृहीत धरते आणि सरळव्याज त्या मानाने किंचित जास्त भरते. तिसरा भरणा 5 ऐवजी 6 जानेवारीला झाला असता, तर 355 रुपये कमी मिळून परतावा सुमारे 6.71 टक्क्यांवर आला असता. जुन्या खात्यात हा फरक मोठ्या आरंभीच्या शिलकेत विरून जातो.

कोणती तारीख धरावी, याबाबत मतभेद दिसतात. धनादेशाने भरणा केल्यास खातेदाराने तो दिल्याची, तो वटल्याची आणि पासबुकात छापलेली अशा तीन तारखा संभवतात. काही जण सर्वत्र पासबुकातील तारीख वापरतात, आणि व्याजाची फेरतपासणी करण्यासाठी तेच योग्य आहे, कारण खात्याचे व्याज त्या नोंदीवरूनच ठरते. परतावा काढताना मात्र पैसा खातेदाराच्या बचत खात्यातून गेल्याची तारीख धरणे अधिक सयुक्तिक वाटते, कारण मधले दिवसही त्याचा पैसा अडकलेलाच असतो. ऑनलाइन भरण्यात हा प्रश्न बहुधा उद्भवत नाही.

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे 31 मार्चची व्याजाची नोंद भरण्यांच्या रांगेत घेणे. व्याज खातेदाराने भरलेले नसते आणि ते अखेरच्या शिलकेत आधीच मिळालेले असते. वरील उदाहरणात ते ऋण चिन्हाने वेगळे घातले, तर उत्तर शून्यावर येते. अनेक वर्षांच्या तक्त्यात काही वर्षांचेच व्याज असे घातले गेले, तर उत्तर केवळ अवास्तव कमी दिसते आणि त्यामुळे चूक सहज लक्षात येत नाही. जुन्या खात्याचे एकच वर्ष तपासायचे असेल, तर आरंभीची शिलकी रक्कम मागील वर्षाच्या 31 मार्चला ऋण चिन्हाने घालावी. ती 1 एप्रिलला घातली तर वर्ष 364 दिवसांचे होते आणि वर्षभर भरणा न झालेल्या खात्याचाही परतावा 7.1 ऐवजी 7.12 टक्के दिसतो. तसेच वर्षाच्या मध्ये पासबुकातील शिल्लक घेऊन काढलेला दर कमी येतो, कारण चालू वर्षाचे व्याज तोवर जमा झालेले नसते. काढलेली रक्कम तिच्या तारखेला धन चिन्हाने येते.