एका फोटोवरून अळंबी खायची का नाही, हे का सांगत नाही

पावसाळा लागला, सप्टेंबरात सोलापुरात दोन-तीन दिवस सलग पाऊस पडला की माझ्याकडं अळंबीचे फोटो यायला सुरू होतात. तळहातावर ठेवलेली एक पांढरी छत्री, वरून काढलेला फोटो आणि खाली एकच ओळ, "ही खातात का ओ?" पाठवणाऱ्याला हो किंवा नाही एवढंच पाहिजे असतं, आणि माझं उत्तर ठरलेलं असतं की ह्या फोटोवरून सांगता येत नाही. लोकांना वाटतं हा भाव खातोय. पण खरंच त्या फोटोत सांगण्यासारखं काही नसतं, कारण जे भाग बघून ठरवायचं ते एक तर छत्रीच्या खाली असतात नाहीतर मातीतच राहिलेले असतात.

आता ह्याच वर्षीचा एक फोटो घ्या. जुळे सोलापूरकडचे एक काका, त्यांच्या सोसायटीच्या लॉनवर उगवलेली, ताटलीएवढी पांढरी छत्री, वर मधोमध तपकिरी खवले. काकांचं बालपण बार्शीकडच्या गावात गेलेलं, तिथं वारुळावर येणारी अळंबी त्यांनी लहानपणी खाल्लेली, त्यामुळं त्यांना खात्री की ही तीच. त्यांचं अगदीच चुकत होतं असं नाही, वरून बघितलं तर दोन्ही खरंच सारख्या दिसू शकतात.

वारुळाची अळंबी म्हणजे टर्मिटोमायसिस. वाळवी जमिनीखाली ह्या बुरशीची शेतीच करते म्हणा ना, आणि पाऊस झाला की त्या शेतातून छत्री वर येते, म्हणून तिचा दांडा जमिनीत मुळासारखा लांब खाली जातो, पार वाळवीच्या घरापर्यंत. छत्रीच्या मधोमध माती फोडून वर यायला एक टणक टोक असतं. आता गंमत बघा, आपण काय करतो, वरून धरून उपटतो, ते लांब मूळ मातीत तुटून राहतं आणि हातात येते ती फक्त छत्री आणि थोडा दांडा. म्हणजे ओळखायची सगळ्यात पक्की खूण आपणच मागं सोडून आलो.

आणि विषारी अळंबीतही नेमकं हेच होतं. अमानिटा गटातल्या सगळ्यात घातक जाती असतात ना, त्यांच्या दांड्याच्या बुडाशी एक पांढरी पिशवी असते, अंड्याचं टरफल फुटून राहावं तशी, आणि ती बहुतेक वेळा मातीत असते. दांडा चाकूनं वरच्यावर कापला की पिशवी गेली. अमेरिकेत आशियातून गेलेल्या लोकांना ह्याच गटातल्या डेथ कॅपनं विषबाधा झाल्याच्या घटना आहेत, कारण आपल्याकडं भाताच्या पेंढ्यावर वाढणारी खायची अळंबी पण लहानपणी पिशवीतूनच बाहेर येते आणि ती दिसायला तशीच.

म्हणून काकांना मी आधी एकच विचारलं, कुणी खाल्लीय का? हा प्रश्न सगळ्यात पहिला, बाकीचं सगळं नंतर. नाही म्हणाले. मग म्हटलं, लॉनवर अजून उगवल्यात ना, त्यातली एक खुरप्यानं बाजूनं माती मोकळी करून बुडासकट काढा. तिला उलटी करून खालच्या पट्ट्यांचा, म्हणजे गिल्सचा फोटो काढा, एक उभी मधून चिरून फोटो काढा, शेजारी दहाचं नाणं ठेवा म्हणजे मापाचा अंदाज येईल, आणि जिथं उगवलीय तिथला लांबून एक फोटो, आजूबाजूला झाड आहे का, वारूळ आहे का, शेण आहे का. लहान, मध्यम, मोठी, सगळ्या वयाच्या असतील तर सगळ्यांचे, कारण एकाच जातीची कळी आणि उमललेली छत्री बघून दोन वेगळ्या जाती वाटतात. हात लावायला भीती नाही, विष कातडीतून आत जात नाही, फक्त नंतर हात धुवायचे आणि चव बघायची नाही, थोडीशी सुद्धा.

फोटो आले. लॉनवर गोल रिंगण करून उगवलेल्या, वारूळ कुठंच नाही. दांड्यावर एक सैल अंगठी, वर-खाली सरकणारी. बुड जरा फुगीर, पण पिशवी नाही, लांब मूळही नाही. गिल्स पांढऱ्याशुभ्र. इथवर माझा संशय क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस ह्या लॉनवर येणाऱ्या विषारी अळंबीवर गेला होता, पण गिल्स पांढऱ्या दिसत होत्या आणि ह्या जातीची फसवणूक तिथंच आहे, कोवळी असताना पांढरी आणि पिकल्यावर हिरवट होते. फोटोत मोबाईल रंग त्याच्या मनानं बदलतो ते वेगळंच.

मग स्पोर प्रिंट. दांडा कापायचा, छत्री गिल्स खाली करून अर्ध्या पांढऱ्या अर्ध्या काळ्या कागदावर ठेवायची, वर वाटी झाकायची आणि रात्रभर सोडायची. सकाळी बीजाणूंची पूड कागदावर पडलेली असते, तिचा रंग बघायचा. काकांच्या कागदावर मळकट हिरवा रंग होता. मोठ्या छत्रीची, लॉनवर उगवणारी आणि हिरवट पूड टाकणारी ही एवढीच सामान्यपणे आढळते, म्हणजे संशय पक्का. टर्मिटोमायसिसची पूड फिकट गुलाबी असते, अमानिटाची पांढरी. पण गुलाबी आली म्हणजे चांगली असंही नाही, कारण गुलाबी पूड टाकणाऱ्या एन्टोलोमा गटात विषारी जाती आहेत. ह्या चाचणीनं एखादी बाद करता येते, पास करता येत नाही.

क्लोरोफायलम खाल्ली असती तर एक ते तीन तासांत जोरदार उलट्या-जुलाब, कधीकधी रक्ताचे, सलाईन लागण्याइतके. जीव बहुतेक जात नाही. काही जण खाऊनही "मला काही झालं नाही" म्हणतात, आणि त्यांचं ऐकून शेजारी खातो.

लगेच उलटी होणारं विष त्रास देतं, पण उशिरा काम करणारं जास्त वाईट. डेथ कॅपसारख्या अळंबीत अमाटॉक्सिन नावाचं असं विष असतं, ती खाल्ल्यावर सहा ते बारा तास, कधी चोवीस तास काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब, मग एखादा दिवस बरं वाटतं, घरचे डिस्चार्ज मागतात, आणि त्या दरम्यान लिव्हरच्या पेशी प्रोटीन बनवायचं थांबवून मरत असतात. उकळून, तळून, वाळवून हे विष जात नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये आसामात रानटी अळंबी खाऊन १३ जण गेले. चांदीचं नाणं काळं पडतं, लसूण निळा होतो, किडा लागला म्हणजे खायला चालते, ह्यातलं एकही खरं नाही, गोगलगाय तर अमाटॉक्सिनवाली अळंबी मजेत खाते.

म्हणून कुणी "खाल्ली" असं सांगितलं तर ओळखण्याच्या नादाला न लागता तीन गोष्टी विचारायच्या: किती वाजता खाल्ली, त्रास किती वाजता सुरू झाला, आणि आणखी कोण जेवलं. मधली वेळ सहा तासांपेक्षा जास्त असेल तर डॉक्टरला पहिल्यांदा तेच सांगायचं. सहापेक्षा कमी असली तरी निवांत व्हायचं नाही, टोपलीत दोन जातीच्या मिसळलेल्या असू शकतात. १०८ ला फोन करा, घरात वाट बघू नका, आणि उरलेली अळंबी, चिरलेले तुकडे, भाजी सुद्धा, सोबत न्या, न शिजलेली कागदात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत ती घाम सुटून कुजते आणि लॅबला काही ओळखता येत नाही.