डायोडमधले ०.७ व्होल्ट मल्टिमीटरवर का दिसत नाहीत?

सिलिकॉन डायोडमध्ये ०.७ व्होल्टचं बॅरियर पोटेन्शियल असतं, हे डिप्लोमाच्या तोंडी परीक्षेत सगळे घडाघडा सांगतात. पण सुटा डायोड अंधारात ठेवून त्याच्या पायांना व्होल्टमीटर लावला, तर रीडिंग येतं शून्य. मग ते व्होल्ट गेले कुठे?

आधी बॅरियर तयार कसा होतो ते पाहू. एन बाजूला फॉस्फरसमुळे मोकळे इलेक्ट्रॉन भरपूर असतात, पी बाजूला बोरॉनमुळे होल. तरीही 'एन म्हणजे ऋण प्रभाराचा तुकडा' हे उत्तर चूक आहे. प्रत्येक इलेक्ट्रॉनमागे तेवढाच धन प्रभार अणूंत असतो. जंक्शनवर मात्र हा हिशोब बिघडतो. एन बाजूचे इलेक्ट्रॉन दाटीतून विरळ भागाकडे, म्हणजे पी बाजूला पसरतात आणि तिथल्या होलमध्ये जाऊन बसतात. मागे फॉस्फरसचे धन आयन उरतात, पलीकडे बोरॉनचे ऋण आयन तयार होतात. हे आयन स्फटिकात पक्के बसलेले असतात, हलू शकत नाहीत. त्यांच्यामधलं विद्युत क्षेत्र पुढून येणाऱ्या इलेक्ट्रॉनना मागे रेटतं. पसरण्याचा जोर आणि हा रेटा बरोबरीला आले की मध्ये वाहक जवळजवळ नसलेला पातळ पट्टा उरतो. हीच डिप्लीशन लेयर.

आता पाण्याच्या पाइपमधला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आठवा. त्याची झडप स्प्रिंगने बंद धरलेली असते. स्प्रिंग ताणलेली असली तरी ती पाणी ढकलत नाही. पंप बंद असताना व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना प्रेशर गेज लावले तर फरक शून्यच दिसेल. डायोडमध्येही तसंच: जंक्शनवरचा व्होल्टेज धातूच्या पायांच्या जोडांवरच्या उलट फरकांनी पूर्ण रद्द होतो. म्हणून नुसत्या डायोडमधून 'फुकट वीज' काढून दाखवणारे व्हिडिओ खुशाल सोडून द्यावेत. काचेच्या डायोडवर उजेड पडला तर काही मिलिव्होल्ट दिसतात खरे, पण ती ऊर्जा उजेडाची असते.

पुढून दाब दिला की झडप उघडते, उलटा दिला की आणखी घट्ट बसते. थोडी गळती राहतेच, आणि दाब फार वाढला तर ब्रेकडाउन. उपमा इथवर चालते. पुढे ती फसवी आहे, कारण डायोडची झडप ०.७ ला एकदम उघडत नाही. आदर्श डायोडमध्ये खोलीच्या तापमानाला दर ६० मिलिव्होल्टला करंट दहापट होतो.

हे आकड्यांत पाहू. ५ व्होल्टच्या सप्लायला ३३० ओहमचा रेझिस्टर आणि डायोड फॉरवर्डमध्ये जोडला, तर करंट (५ − ०.७) ÷ ३३०, म्हणजे सुमारे १३ मिलिअँपिअर. सप्लाय १० व्होल्ट केला तर करंट सुमारे २८ होतो, पण डायोडवरचा व्होल्टेज आदर्श डायोडच्या हिशोबाने जेमतेम २० मिलिव्होल्टने वाढतो. म्हणूनच गणितात ०.७ कायम धरून चालतं. आणि म्हणूनच रेझिस्टर विसरून तोच डायोड थेट सप्लायला लावला, तर करंट सप्लाय देईल तेवढा वाहतो आणि डायोड जळतो.