दोन आधी की सीमा आधी?

बोरिवलीहून सुटलेली चर्चगेट स्लो. माझा पुतण्या एफवाय बीएससीला आहे, खिडकीशी बसून मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर एकच चाळा करत होता. दोनचं वर्गमूळ काढायचं, त्यात दोन मिळवायचे, पुन्हा वर्गमूळ, पुन्हा अधिक दोन. पडद्यावर वर्गमूळ येईल ते लिहून ठेवायचं: 1.41421, 1.84776, 1.96157, 1.99037, 1.99759, 1.99940.

"काका, हे दोनकडे चाललंय. आणि सिद्धही होतं. शेवटी जो आकडा येईल त्याला L म्हणू. तिथे पोचल्यावर पुन्हा तीच कृती केली तरी L च यायला हवा. म्हणजे L² = 2 + L. उत्तरं 2 आणि -1. सगळी पदं धन आहेत, तेव्हा L = 2. झालं!"

मी म्हटलं, आता माझी क्रमिका घे. एकपासून सुरुवात, दर वेळी दुप्पट करून एक मिळवायचा: 1, 3, 7, 15, 31. तुझ्याच पद्धतीने L = 2L + 1, म्हणून L = -1. पटतंय? वाढत वाढत थेट उणे एकावर!

अंधेरी येईपर्यंत तो गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे 'L म्हणू' इथेच घोळ आहे."

अगदी तिथेच. क्रमिकेची पदं ज्या आकड्याच्या हवी तितकी जवळ जाऊन तिथेच राहतात, तो आकडा म्हणजे तिची सीमा. ती आहे असं धरलं, तर किती हे समीकरण सांगतं. सीमा आहेच, हे ते सांगू शकत नाही. ती आधी वेगळी सिद्ध करावी लागते, आणि त्याच कामाला मोनोटोन कन्व्हर्जन्स थिअरम येतो: क्रमिका सतत वाढती असेल आणि तिच्यावर कुठेतरी छत असेल, तर तिला सीमा असते. माझ्या क्रमिकेला छतच नव्हतं.

त्याच्या क्रमिकेला आहे. एखादं पद 2 पेक्षा लहान असेल तर त्यात 2 मिळवून 4 पेक्षा कमी येणार, म्हणजे वर्गमूळही 2 पेक्षा कमीच. पहिलं पद 1.41421 असल्याने एकही पद 2 ओलांडत नाही. वाढीचं काय? पद a असेल तर पुढचं पद मोठं येण्यासाठी 2 + a हे a² पेक्षा मोठं हवं. दोघांमधला फरक (2 - a)(1 + a) असा फोडता येतो, आणि a शून्य ते दोनमध्ये असताना दोन्ही कंस धन असतात. एवढं झाल्यावर त्याची L² = 2 + L ही ओळ लिहायला हरकत नाही.

पण छत असलं की सीमा असते, हे तरी कशावरून? छतं पुष्कळ असतात: 2 चालतं, 5 चालतं, 100 सुद्धा. त्यातलं सर्वांत खालचं छत घ्या, त्याला L म्हणा. आता L पासून हजारांशाने खाली या. L - 0.001 हे छत नाही, कारण L सर्वांत खालचं आहे. म्हणजे एखादं पद तरी त्याच्या वर गेलेलं आहे. क्रमिका वाढती असल्याने त्यानंतरचं एकही पद खाली उतरत नाही, आणि L च्या वरही जात नाही. तिथून पुढची सगळी पदं त्या हजारांशाच्या फटीत अडकली. हजारांशाऐवजी अब्जांश घेतला तरी युक्तिवाद तोच. सीमा म्हणतात ती हीच.

खरी मेख "सर्वांत खालचं छत घ्या" या शब्दांत आहे. ते असतंच का? फक्त अपूर्णांकांच्या जगात राहिलात तर नसतं. 1, 1.4, 1.41, 1.414 ही √2 ची दशांश पदं वाढतात, 1.5 च्या खाली राहतात, पण √2 अपूर्णांक नाही. जिथे पोचायचं तिथे भोक आहे. वास्तव संख्यांत अशी भोकं नाहीत, हा त्यांचा पायाभूत गुण. जर्मन गणिती रिचर्ड डेडेकिंड 1858 मध्ये झुरिचला कलनशास्त्र शिकवताना नेमका याच प्रमेयापाशी अडला. आकृतीवरून ते पटत होतं, पण आकृतीला सिद्धता म्हणायची त्याची तयारी नव्हती. त्या अस्वस्थतेतून त्याने वास्तव संख्याच नव्याने रचल्या, आणि ते छापलं 1872 मध्ये. चौदा वर्षं!

दादरला गर्दी आत घुसली तेव्हा मी त्याला एक गृहपाठ दिला. दर वेळी दोन मिळवण्याऐवजी आत 1, 2, 3 असे आकडे ठेव: √1, √(1+√2), √(1+√(2+√3)). ही पदं वाढतात आणि 2 च्या खाली राहतात, तेव्हा सीमा आहे, साधारण 1.7579.

"समीकरण कुठलं मांडायचं?"

इथे तसं समीकरण मांडताच येत नाही, कारण प्रत्येक पायरीला आतला आकडा बदलतो. या सीमेसाठी नेटकं सूत्र आजवर कोणालाही सापडलेलं नाही. तरी ती आहे हे पक्कं ठाऊक आहे, ते याच प्रमेयामुळे. तो चर्नी रोडला उतरला तेव्हा बोट पुन्हा वर्गमूळाच्या बटणावर होतं.