टक्के बदलाचा रंगीत नंबर फॉरमॅट

एक्सेल, गूगल शीट्स यांसारख्या स्प्रेडशीटमध्ये टक्के बदलाचा आकडा वाढ असल्यास अधिक चिन्हासह हिरवा आणि घट असल्यास वजा चिन्हासह लाल दिसावा, यासाठी सेलला दिला जाणारा कस्टम नंबर फॉरमॅट. यात फक्त आकड्याचे दिसणे बदलते. सेलमधली मूळ संख्या तीच राहते, त्यामुळे तिच्यावर बेरीज, सरासरी किंवा क्रमवारी नेहमीसारखी करता येते. हाताने ‘+’ लिहून अक्षरांना रंग देण्यापेक्षा ही रीत सोयीची, कारण आकडा बदलला की चिन्ह आणि रंग आपोआप बदलतात.

नेहमीच्या वापरातला फॉरमॅट असा:

```
[Color10]+0.0%;[Red]-0.0%;0.0%
```

एक्सेलमध्ये सेल निवडून Ctrl+1 दाबायचे, Number टॅबमधल्या Custom गटात जाऊन Type च्या चौकटीत ही ओळ टाकायची. अर्धविरामांनी तिचे तीन भाग पडतात: पहिला शून्याहून मोठ्या संख्यांसाठी, दुसरा ऋण संख्यांसाठी, तिसरा शून्यासाठी. ऋण संख्यांना स्वतंत्र भाग दिला की एक्सेल वजा चिन्ह स्वतःहून लावत नाही. दुसऱ्या भागात ते लिहायचे राहिले, तर सहा टक्क्यांची घट नुसती `6.0%` अशी दिसते. रंगीत पडद्यावर ते खपून जाते, पण काळ्या-पांढऱ्या छपाईत घट आणि वाढ यांतला फरक फक्त त्या ‘+’ वर उरतो. हिरव्यासाठी `[Green]` हे नावही चालते, पण एक्सेलचा तो हिरवा इतका भडक असतो की पांढऱ्या कागदावर वाचताना डोळे ताणावे लागतात. मूळ रंगपेटीतला दहावा रंग गडद हिरवा आहे, म्हणून `[Color10]` बरा.

समजा, एका किराणा दुकानाच्या तक्त्यात B स्तंभात मागच्या महिन्याची आणि C मध्ये या महिन्याची विक्री आहे. D2 मध्ये `=C2/B2-1` हे सूत्र. एकूण विक्री ४,२०,००० वरून ४,५३,६०० झाली, तर हिरवे `+8.0%` दिसते. साबण ६०,००० वरून ५६,४०० वर आला, की लाल `-6.0%`. इथवर सगळे सरळ. चहाची विक्री मात्र ३५,००० वरून ३५,०१० झाली आणि सेलमध्ये हिरवे `+0.0%` उमटले. वाढ ०.०३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दाखवण्याजोगी नाहीच. तरीही ती वाढ म्हणून रंगली. कारण कोणता भाग लागू करायचा हे एक्सेल साठवलेल्या संख्येवरून ठरवते, दशांश कापून दिसणाऱ्या आकड्यावरून नव्हे. दहा रुपयांची घट असती तर लाल `-0.0%` आले असते, आणि असा आकडा अहवालात वाचणाऱ्याला हमखास बुचकळ्यात टाकतो. उपाय सूत्रातच करावा लागतो:

```
=ROUND(C2/B2-1,3)
```

एका दशांशाच्या टक्केवारीसाठी तीन स्थळांपर्यंत पूर्णांकन पुरते. मग चहाचा बदल खरोखर शून्य होतो आणि तिसऱ्या भागात जाऊन बिनरंगी `0.0%` दिसतो.

आकडा रंगलाच नाही आणि सेलच्या डाव्या कडेला चिकटून राहिला, तर तो बहुधा संख्या नसून मजकूर असतो. दुसरीकडून चिकटवलेल्या तक्त्यांत हे वारंवार घडते. मागचा महिना कोरा किंवा शून्य असेल तर `#DIV/0!` येते, त्यावर फॉरमॅटचा काही इलाज नाही. `TEXT` फंक्शनने हाच फॉरमॅट वाक्यात जोडला तर चिन्ह येते, रंग येत नाही.

फॉरमॅटला चिन्हापलीकडे काही कळत नाही, याचा मोठा फटका नफ्या-तोट्याच्या ओळीला बसतो. गेल्या वर्षी २० लाखांचा तोटा आणि यंदा १० लाखांचा नफा असेल, तर वरचे सूत्र उणे १५० टक्के देते आणि सुधारणा लाल रंगात छापली जाते. सूत्र `=(C2-B2)/ABS(B2)` असे लिहिले की चिन्ह सुलटते, मात्र ‘१५० टक्के वाढ’ या आकड्यालाही फारसा अर्थ नसतो. अशा ओळीत टक्केवारी न देता दोन्ही रकमा लिहिणेच योग्य.

खर्चाच्या स्तंभात रंगांची अदलाबदल करावी लागते, कारण वीजबिल वाढल्याचे हिरवे चिन्ह कोणाला नको असते:

```
[Red]+0.0%;[Color10]-0.0%;0.0%
```

मात्र एकाच तक्त्यात विक्री आणि खर्च शेजारी असतील तर हिरवा कधी वाढीचा, कधी घटीचा होतो. तिथे ‘+’ आणि ‘-’ यांवरच भिस्त ठेवावी लागते, आणि लाल-हिरव्यातला फरक ज्यांना दिसत नाही अशा वाचकांना तर प्रत्येकच तक्त्यात. रंगांचा संकेतही सगळीकडे एक नाही: भारतातल्या शेअर बाजाराच्या पडद्यांवर तेजी हिरवी असते, तर चीन आणि जपानमध्ये चढलेला भाव लाल दाखवण्याची रूढी आहे.