तीन चॅट, एकच साक्षीदार

गच्चीवरचं पावसाचं पाणी सोसायटीच्या बंद पडलेल्या बोअरमध्ये सोडायचं, असं आमच्या पुण्यातल्या सोसायटीनं ठरवलं आणि माहिती गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. मी एका चॅटबॉटशी तीन वेगवेगळ्या दिवशी बोललो. पहिल्या चॅटमध्ये वर्षाला किती पाणी मिळेल याचा हिशेब झाला. दुसरी चॅट सभेनंतर मोबाईलवर घाईत केली, त्यात खर्च आणि करसवलत होती. तिसरीत गाळणी, पाइप आणि बोअर. मग प्लंबरला बोलवण्याआधी एका कोऱ्या चॅटमध्ये सगळं एकत्र मांडून नीट आराखडा करून घ्यावा असं वाटलं. त्यासाठी तीन चॅटमधलं सार एका टिपणात आणायचं होतं. हे काम अर्ध्या तासाचं असेल असा माझा अंदाज होता. त्याला दोन संध्याकाळी लागल्या, आणि त्या वाया गेल्या नाहीत.

आधी हे लक्षात घ्यायला हवं की नवी चॅट खरोखरच कोरी असते. भाषेचं मॉडेल एकदा शिकवून तयार झालं की त्याच्या आतले आकडे गोठलेले असतात, आपण बोललो म्हणून ते बदलत नाहीत. चॅट चालू असताना त्याला आधीचं आठवतं असं वाटतं, कारण आपण दर वेळी नवीन ओळ पाठवली की तोवरचा सगळा संवाद पहिल्या शब्दापासून पुन्हा त्याच्यापुढे ठेवला जातो. म्हणजे त्याची आठवण म्हणजे समोरचा मजकूर. काही अ‍ॅपमध्ये आता जुन्या चॅटमधलं थोडंफार पुढे नेण्याची सोय असते, पण त्यातून नेमकं काय पुढे गेलं आणि काय गळलं याची खात्री देता येत नाही. आकड्यांच्या कामात त्यावर विसंबू नये.

मग तिन्ही चॅट जशाच्या तशा नव्या चॅटमध्ये चिकटवल्या तर? मी ते करून पाहिलं. उत्तर आलं, पण त्यात माझ्या गच्चीची दोन क्षेत्रफळं एकाच परिच्छेदात सुखाने नांदत होती. असं होण्याचं कारण समजण्यासारखं आहे. संवादात फक्त निष्कर्ष नसतात, त्यात चुकलेले प्रयत्न, मागे घेतलेली गृहीतकं, ‘नाही, तसं नको’ म्हणून सोडून दिलेले पर्यायही असतात. मॉडेलच्या लेखी तो सगळा समोरचा मजकूरच असतो, आणि पुढचा प्रत्येक शब्द त्या सगळ्याच्या प्रभावाखाली ठरतो. खोडलेला आकडा कागदावर जसा आडव्या रेघेखाली दिसतो, तशी रेघ इथे नसते.

याबद्दल 2025 साली मायक्रोसॉफ्ट आणि सेल्सफोर्स इथल्या संशोधकांनी केलेला एक प्रयोग मला फार उपयोगी वाटतो. त्यांनी तीच कामं मॉडेलना दोन पद्धतींनी दिली: एकदा सगळी माहिती एकदम, आणि एकदा तीच माहिती तुकड्यातुकड्यांनी, संवादातून. तुकड्यांनी दिल्यावर कामगिरी सरासरी 39 टक्क्यांनी घसरली. मॉडेल अर्धवट माहितीवरच घाईनं उत्तर बांधतं आणि नंतरची माहिती आली तरी त्या पहिल्या उत्तराला चिकटून राहतं, असं त्यांना दिसलं. पण तेच तुकडे गोळा करून एकाच संदेशात दिले, तेव्हा ही घसरण जवळजवळ भरून निघाली. आपलं टिपण नेमकं हेच करतं. अट एवढीच की गोळा केलेले तुकडे खरे हवेत.

तर मी तिन्ही चॅट शेजारी शेजारी उघडल्या आणि आधी जिथे त्या एकमेकींशी भांडत होत्या त्या जागा शोधल्या. पहिलीत वर्षाचं पाणी 1.56 लाख लिटर होतं, दुसरीत 2.25 लाख. एवढा फरक कुठून आला हे शोधणं सोपं असतं, कारण हा हिशेब साध्या गुणाकाराचा आहे. एका चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर 1 लिटर पाणी होतं. त्यातलं थोडं स्लॅबमध्ये मुरतं, थोडं उडून जातं, म्हणून शेवटी 0.8 किंवा 0.9 अशा गुणकानं गुणतात. पहिल्या चॅटमध्ये 279 चौरस मीटर, 700 मिलिमीटर आणि 0.8 असे आकडे होते, दुसरीत 334, 750 आणि 0.9.

तिन्ही आकडे वेगळे, पण तिन्हींचं वेगळेपण एका जातीचं नाही. पुण्याचा पाऊस 700 धरायचा की 750, हा सरासरीतला अंदाज आहे आणि दोन्ही आकडे चालतात. स्लॅबसाठी 0.8 की 0.9 हीसुद्धा निवड आहे, आणि आम्ही कमी पाण्याची बाजू धरायचं ठरवलं. क्षेत्रफळ मात्र निवडीचा विषय नाही. पहिल्या वेळी मी आठवणीतून 3,000 चौरस फूट लिहिलं होतं. दुसऱ्या वेळी जुन्या नकाशावरून 3,600, ज्यात पार्किंगवरचा पत्राही धरलेला होता, आणि त्या पत्र्याचं पाणी तर भलतीकडेच उतरतं. शेवटी मी आणि शेजारचे काका टेप घेऊन गच्चीवर गेलो. 57 फूट गुणिले 55 फूट, म्हणजे 3,135 चौरस फूट, साधारण 291 चौरस मीटर. पाणी वर्षाला 1.63 लाख लिटर. दोन्ही चॅटमधला गुणाकार बिनचूक होता, चूक माझ्या आकड्यात होती.

दुसरं भांडण करसवलतीचं होतं. एका चॅटमध्ये 5 टक्के, दुसऱ्यात 10. मी त्यातला एक खोडणारच होतो, पण मूळ उत्तरं पुन्हा वाचली तर दोन्हींमागे अट होती: पर्यावरणपूरक प्रकल्प एकच असेल तर 5, पावसाच्या पाण्याबरोबर सौरऊर्जा किंवा गांडूळखतासारखा दुसराही असेल तर 10. अट गळली आणि नुसता आकडा उरला, म्हणून ते परस्परविरोधी दिसत होते. सार काढताना सगळ्यात आधी ‘जर’ गळतो, हे मी या निमित्ताने शिकलो. चॅट बंद करण्यापूर्वी तिच्यातच तिचा सारांश करून घेण्याची पद्धत आहे, ती सोयीची आहेच, पण त्या सारांशातला प्रत्येक आकडा वर सरकून मूळ उत्तराशी ताडून पाहावा, तो याच कारणासाठी. सवलतीच्या नेमक्या अटी महापालिकेच्या कार्यालयात विचारायच्या, अशी नोंद मी टिपणात केली.

भांडणं अशी मिटतात. मला खरा दणका बसला तो तिन्ही चॅट एकमताने जे सांगत होत्या त्या जागी. तिन्हींत लिहिलं होतं की बोअर 200 फूट खोल आणि कोरडी आहे. तीन ठिकाणी तेच आलं म्हणून मी टिपणात सगळ्यात वर, पक्की माहिती म्हणून ते लिहिलं. पत्नीने वाचून विचारलं, ‘हे कुणी मोजलं?’ मी मागे जाऊन पाहिलं. तिन्ही चॅटमध्ये ते वाक्य माझ्याच पहिल्या प्रश्नात होतं. मला ते एका जुन्या सभासदाने कधीतरी सांगितलं होतं. मी ते तीनदा लिहिलं, तीनदा ते उत्तरात परत आलं, आणि मला तीन साक्षीदार भेटल्यासारखं वाटलं. साक्षीदार एकच होता, आणि त्यानंही डोळ्याने पाहिलेलं नव्हतं.

मॉडेल आपल्याशी बोलणाऱ्याच्या म्हणण्याकडे झुकतात हे संशोधनात वारंवार दिसलेलं आहे. पण ते नसतं तरी तीन चॅटचं एकमत म्हणजे तीन डॉक्टरांचं एकमत नव्हे. तिन्हीकडे मॉडेल एकच, त्याचं शिक्षण एकच, आणि प्रश्न विचारणारा माणूसही एकच. मॉडेलचा एखादा ठरलेला गैरसमज असेल तर तोही तिन्हीकडे सारखाच उमटेल. म्हणून किती वेळा आलं हे मोजण्यात अर्थ नाही, पहिल्यांदा कुठून आलं ते पाहावं. बोअरचा पंप चार वर्षांपूर्वी जळाला तेव्हा काढून ठेवलेला होता, त्यामुळे वजन बांधून दोरी सोडता आली. बोअर 180 फूट निघाली आणि पाणी 62 फुटांवर होतं. कोरडी नव्हतीच, नुसती बंद होती. त्यामुळे गाळणीचा प्रश्न जास्त गंभीर झाला, कारण आता गच्चीवरची घाण थेट साठलेल्या पाण्यात गेली असती.

शेवटी टिपण असं झालं. मी ते इथे मुद्दाम पूर्ण देतो, कारण त्याची लांबी पाहण्यासारखी आहे:

```
काम: गच्चीचं पाणी गाळून बोअरमध्ये सोडण्याचा आराखडा.
स्वतः मोजलेलं: गच्ची 291 चौ.मी. (पार्किंगचा पत्रा वगळून).
  बोअर 180 फूट, पाणी 62 फुटांवर (मार्च).
धरलेलं: पाऊस 700 मिमी, गुणक 0.8. पाणी 1.63 लाख लिटर/वर्ष.
चॅटमधून, न तपासलेलं: मोसमाच्या पहिल्या पावसाचे
  2 मिमी (सुमारे 580 लिटर) बाहेर सोडावेत.
  करसवलत: एक प्रकल्प 5%, दोन असतील तर 10%.
नाकारलेलं: गच्चीवर साठवण टाकी (स्लॅब जुना).
माहीत नाही: बोअर ताशी किती पाणी घेईल.
प्रश्न: गाळणी कोणती आणि केवढी?
```

यातल्या ‘नाकारलेलं’ या ओळीनं बराच वेळ वाचवला. ती नसती तर नव्या चॅटमध्ये पहिली सूचना साठवण टाकीचीच आली असती, कारण बहुतेकांना तीच सुचवली जाते. जुना स्लॅब हे कारणही सोबत लिहिलं, नाहीतर त्याच अडचणीचा दुसरा पर्याय पुढे येतो. प्रश्न शेवटी ठेवला आणि काम काय ते सुरुवातीला, तेही विचारपूर्वक. लांब मजकुराच्या मधोमध असलेली गोष्ट मॉडेलच्या नजरेतून निसटते आणि टोकांची बरी लक्षात राहते, हे 2023 मध्ये स्टॅनफर्डमधल्या संशोधकांसह एका गटानं दाखवलं होतं. दहा ओळींत याचा फारसा फरक पडणार नाही. मॉडेल मजकूर लहान तुकडे पाडून वाचतं, आणि मराठीचे मात्र इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे पडतात, म्हणजे तेवढाच मजकूर त्याला लांब पडतो, म्हणून टिपण आखूड ठेवलेलं बरं.

एक गोष्ट मी टिपणातून मुद्दाम गाळली. तिसऱ्या चॅटमध्ये वाळू आणि खडीची गाळणी सुचवलेली होती आणि मला ती पटलीही होती. पण नव्या चॅटकडून मला त्याच प्रश्नावर ताजं मत हवं होतं. आधीचं उत्तर समोर ठेवलं असतं तर त्याला होकार मिळण्याचीच शक्यता जास्त होती. ठरलेलं काम पुढे न्यायचं असेल तेव्हा निर्णय टिपणात हवेत, आणि निर्णय तपासून घ्यायचा असेल तेव्हा फक्त त्यामागची मापं.

नवी चॅट सुरू केल्यावर मी आधी 1.63 लाखांचा हिशेब पुन्हा करून घेतला. जुळला, म्हणजे आकडे आणि एककं नीट पोहोचली. मग ज्याचं उत्तर टिपणात नव्हतं असा प्रश्न विचारला, बोअर ताशी किती पाणी घेईल हा. एखादा आकडा परत आला असता तर तो बनवलेलाच असता, कारण तो मी कुठेच दिलेला नव्हता. आकडा आला नाही. टँकरनं पाणी सोडून पातळी किती वेळात उतरते ते पाहण्याची चाचणी करावी, असं आलं. ती चाचणी येत्या रविवारी आहे. तो आकडा हाती आला की टिपणातली ‘माहीत नाही’ची ओळ ‘स्वतः मोजलेलं’मध्ये वर जाईल, आणि त्यानंतरच गाळणीचं माप प्लंबरला द्यायचं आहे.